प्री-पास जोडला आणि फ्रेम आणखी संथ झाली

गेल्या पावसाळ्यातले नऊ दिवस मी अशा एका आकड्याकडे बघत घालवले, जो हलायला तयारच नव्हता. त्याचा राग अजून पूर्ण गेलेला नाही, म्हणून हे लिहून ठेवतो आहे. सांगलीतल्या ज्या छोट्या स्टुडिओत मी काम करतो, तिथे कृष्णाकाठच्या घाटाची एक फिरती त्रिमितीय प्रतिकृती तयार होत होती. दगडी पायऱ्या, बारीक कोरीव कामाचे एक मंदिर आणि सगळ्यांवर झुकलेले पिंपळ, असे ते दृश्य होते. मंदिराचे मॉडेल आणि प्रकाशयोजना विनातक्रार पार पडली. घाटाच्या खालच्या पायरीवरून झाडांतून वर पाहिले, की मात्र फ्रेमचा मुख्य टप्पा १९.४ मिलिसेकंद घेत असे. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर सगळ्या फ्रेमला मिळून १६.७ मिलिसेकंदच मिळतात.

कारण उघड होते. पिंपळाचे प्रत्येक पान चौकोनी तुकड्यावर चिकटवलेले चित्र होते आणि पानाबाहेरचा भाग शेडर, म्हणजे पिक्सेलचा रंग ठरवणारा जीपीयूवरचा छोटा प्रोग्राम, `discard` करून फेकून देत असे. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. `GL_FRAGMENT_SHADER_INVOCATIONS` ही क्वेरी लावल्यावर मुख्य टप्प्यात फ्रॅगमेंट शेडर सुमारे ९६ लाख वेळा चालल्याचे दिसले. म्हणजे सरासरी प्रत्येक पिक्सेल साडेचार वेळा रंगवला जात होता आणि शेवटचा रंग सोडून बाकीची मेहनत वाया जात होती. उपाय सर्वांना ठाऊक असतो, तो म्हणजे प्री-पास: आधी रंग न लिहिता फक्त डेप्थ, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर, भरून घ्यायची आणि मग दुसऱ्या फेरीत, जो भाग खरोखर दिसतो, तेवढ्यासाठीच महागडा शेडर चालवायचा.

मी ते केले. प्री-पासने २.९ मिलिसेकंद घेतले, मुख्य टप्पा १९.४ वरून १९.१ वर आला आणि फ्रेम आधीपेक्षा २.६ मिलिसेकंदांनी जड झाली. शेडरची मोजणी ९६ लाखांवरून जवळजवळ हललीच नाही. इथेच मी अडकलो. मी झाडांचा क्रम बदलून पाहिला, पोत लहान केले, ड्रायव्हर बदलला आणि एक अख्खा शनिवार कॅमेऱ्याच्या जवळच्या प्रतलावर घालवला. यांपैकी कशाचाही या दुखण्याशी संबंध नव्हता.

शेवटी साताऱ्याचे एक जुने सहकारी, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्यांना फोन केला. त्यांनी एवढेच विचारले, "मुख्य शेडरमध्ये `discard` अजून आहे ना? आणि डेप्थ लिहिणं चालू आहे ना?" दोन्हींचे उत्तर हो होते.

नियमाप्रमाणे डेप्थची चाचणी, म्हणजे नवा तुकडा आधी नोंदलेल्या डेप्थच्या मागे झाकला जातो का हे पाहणे, फ्रॅगमेंट शेडरनंतर होते. ती आधी उरकणे ही हार्डवेअरने घेतलेली सवलत आहे आणि निकालात फरक पडणार नसेल तेव्हाच ती घेता येते. शेडर एखादा तुकडा फेकून देणार असेल, तर तो संपेपर्यंत त्या जागी डेप्थ लिहायची की नाही, हे जीपीयूला कळत नाही. अशा वेळी अनेक जीपीयू चाचणीच शेवटी ढकलतात. माझ्या पहिल्या फेरीने भरलेली डेप्थ तिथे हजर होती, पण ती पाहिली जात होती महागडा शेडर चालून झाल्यावर.

रागाच्या भरात मी आधी चुकीचा इलाज केला. शेडरच्या सुरुवातीला `layout(early_fragment_tests) in;` लिहून चाचणी सक्तीने पुढे आणली. आकडा खाली आला, पण प्रत्येक पानाभोवती आभाळाच्या रंगाचे चौकोन उमटले. सक्ती केली की डेप्थ लिहिणेही शेडरच्या आधीच होते. त्यामुळे फेकून दिलेल्या भागाचीही डेप्थ नोंदली गेली आणि त्यामागची भिंत त्या ठिकाणी नापास झाली.

खरा इलाज असा होता, की पानाचा आकार कापण्याचे काम फक्त प्री-पासने करायचे. तिथला शेडर अगदी स्वस्त असतो: पोताचा अल्फा वाचायचा आणि गरज पडल्यास `discard` करायचे. मुख्य टप्प्यातून `discard` पूर्ण काढून टाकायचे आणि अवस्था अशी लावायची:

```
glColorMask(GL_TRUE, GL_TRUE, GL_TRUE, GL_TRUE);
glDepthMask(GL_FALSE);
glDepthFunc(GL_EQUAL);
```

पानाबाहेरच्या कोपऱ्यात प्री-पासने मागच्या वस्तूची डेप्थ ठेवलेली असते, त्यामुळे चौकोनाचा तो भाग, नोंदलेल्या डेप्थशी तंतोतंत जुळेल तेवढेच पास करणाऱ्या `GL_EQUAL` मध्ये आपोआप गळतो. इथे `GL_LEQUAL` ठेवले, तर तो कोपरा जवळचा असल्याने पास होतो आणि झाडाला पानांऐवजी पुठ्ठे लटकलेले दिसतात.

हे केल्यावर मोजणी २१ लाखांच्या आसपास आली आणि मुख्य टप्पा ७.२ मिलिसेकंदांवर उतरला. प्री-पास धरून एकूण १०.१. मला त्या रात्री झोप लागली, पण सकाळी वाऱ्याने हलणाऱ्या फांद्यांवर काळे ठिपके चमकताना दिसले. प्री-पासमध्ये मी तिन्ही मॅट्रिक्स आधीच गुणून ठेवल्या होत्या, तर मुख्य शेडरमध्ये त्या एकामागून एक गुणत होतो. शेवटच्या बिटाचा फरकही `GL_EQUAL` ला पुरतो. दोन्ही व्हर्टेक्स शेडरांत तीच राशी त्याच क्रमाने लिहिली, `invariant gl_Position;` जोडले आणि ठिपके गेले.

आधी सांगायचे राहिले: `glClear` सुद्धा `glDepthMask` ने लावलेला डेप्थ मास्क पाळते. मुख्य टप्प्यानंतर तो परत `GL_TRUE` केला नाही, तर पुढच्या फ्रेमला डेप्थ पुसलीच जात नाही आणि कॅमेरा हलताच झाडे गायब होऊ लागतात. माझा अर्धा दिवस यात गेला.

सगळ्याच वस्तू प्री-पासमध्ये ढकलणे हीदेखील चूक होती. हिशोब सोपा आहे: वाचलेल्या शेडर फेऱ्या गुणिले एका फेरीचा खर्च, हे दुसऱ्यांदा करावे लागणाऱ्या भूमितीच्या खर्चापेक्षा जास्त असले पाहिजे. मंदिराचे ११ लाख त्रिकोण दुसऱ्यांदा पाठवायला १.३ मिलिसेकंद लागत होते आणि त्यातून वाचत होते ०.४. मंदिराला `discard` नाही, त्यामुळे त्याला अर्ली टेस्ट तशीही मिळते. म्हणून ते प्री-पासमधून वगळले आणि मुख्य टप्प्यात झाडांच्या आधी, `GL_LESS` आणि डेप्थ लेखन चालू ठेवून रेखाटले. त्याने झाकलेली पाने मग `GL_EQUAL` मध्ये गळतात. एकूण ९.२ झाले. अपारदर्शक वस्तू नुसत्या जवळून दूर अशा क्रमाने काढल्या, तरी बराचसा फायदा फुकट मिळतो. तो घेतल्यावर उरलेला ओव्हरड्रॉ, म्हणजे तोच पिक्सेल पुन्हा पुन्हा रंगवणे, मोजून मगच प्री-पासचा विचार करावा.

त्याच दृश्यात एकाच दिव्याचा जुना, हलका शेडर लावून पाहिला, तेव्हा मुख्य टप्पा ४.१ वरून २.८ झाला. म्हणजे १.३ वाचवायला प्री-पासचे १.६ घालवले, निव्वळ तोटा. पुलाच्या उंचीवरून सरळ खाली पाहिले, तर वस्तू एकमेकींवर फारशा येत नाहीत आणि तिथेही ०.९ मिलिसेकंद जास्तच लागले. तरीही मी प्री-पास ठेवला, कारण पुलावरचे दृश्य मर्यादेच्या आत होते आणि खालच्या पायरीवरचे नव्हते.

हे आकडे `GL_TIME_ELAPSED` ने घेतले आहेत. त्याच फ्रेममध्ये उत्तर मागितले, तर सीपीयू जीपीयूची वाट बघत थांबतो, म्हणून मी ते दोन फ्रेम उशिराने वाचत असे.

फोनवरच्या आवृत्तीत मंदिर, पायऱ्या अशा अपारदर्शक वस्तूंचा प्री-पास मी केलाच नाही. पॉवरव्हीआरसारखे टाइल पद्धतीचे जीपीयू झाकलेले अपारदर्शक भाग शेडरच्या आधी स्वतःच वगळतात आणि दुसरी फेरी म्हणजे तिथे फक्त भूमितीचा दुप्पट खर्च ठरतो. पिंपळाचे काय करायचे, ते प्रत्येक फोनवर मोजून ठरवतो आहे. दोन फोनवर प्री-पास चालू राहिला, एकावर बंद केला.