खानापूरच्या बाईंचं दुसरं प्रकरण

पीएच.डी.च्या प्रबंधातलं दुसरं प्रकरण, म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा, आमच्याकडे बहुतेकदा एकाच साच्यात येतं. अमुक यांनी अभ्यास केला, उद्देश हा, नमुना एवढा, निष्कर्ष असा. मग पुढचा परिच्छेद आणि पुढचे अमुक. गेल्या महिन्यात खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या एक बाई असंच प्रकरण घेऊन बेळगावला माझ्याकडे आल्या. विषय होता द्विभाषिक मुलांची शैक्षणिक प्रगती. वाचन दांडगं होतं, पण लेखक लावले होते सालाप्रमाणे.

मी आधी एक परीक्षा घेतो. प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर उतरवून सलग वाचायचं. त्यातून एखादं म्हणणं पुढे सरकत असेल तर प्रकरण ठीक. इथे हाती आली ती नावांची आणि सालांची यादी.

बाईंनी घरी जाऊन मथळे पाडले: परदेशी अभ्यास, भारतीय अभ्यास, कर्नाटकातले अभ्यास. संशोधकांना सूत्रं शोधायला सांगितली की दहातले आठ जण हेच करतात, आणि कितीतरी मार्गदर्शक त्यावर सही करून मोकळे होतात, याचा मला राग येतो. हे नुसते कप्पे आहेत. सूत्र म्हणजे असा प्रश्न, ज्याच्यावर अभ्यासांचं एकमत आहे किंवा भांडण आहे.

म्हणून तक्ता केला. आडव्या ओळीत एकेक अभ्यास, उभ्या रकान्यांत तुलना कुणाची कुणाशी केली, द्विभाषिक कुणाला म्हटलं, काय मोजलं आणि काय सापडलं. माझा भर पहिल्या दोन रकान्यांवर असतो, कारण मूळ आढाव्यात नेमकी तीच माहिती गळालेली असते. बाईंना ती भरण्यासाठी मूळ लेख पुन्हा उघडावे लागले.

मग तक्ता बोलायला लागला. १९२३मध्ये सेअर यांना वेल्समधल्या ग्रामीण भागातली द्विभाषिक मुलं बुद्धिचाचणीत मागे दिसली. १९६२मध्ये पील आणि लॅम्बर्ट यांना माँट्रिअलची दहा वर्षांची द्विभाषिक मुलं एकभाषिकांच्या पुढे दिसली. बाईंच्या जुन्या मसुद्यात हे दोघं आठ पानांच्या अंतरावर होते, आणि एक दुसऱ्याच्या उलट सांगतोय याचा कुठे उल्लेखही नव्हता. आता शेजारी आल्यावर फरक दिसला. सेअर यांना शहरी मुलांत तसा फरक आढळलाच नव्हता. पील-लॅम्बर्ट यांनी घरची आर्थिक-सामाजिक परिस्थिती जुळवून घेतली होती, पण दोन्ही भाषा सारख्याच चांगल्या येणारी मुलंच द्विभाषिक गटात घेतली होती. अधलीमधली मुलं वगळली. अजित मोहंती यांनी ओडिशात एकाच कोंध समाजातली कुई-ओडिया बोलणारी आणि फक्त ओडिया बोलणारी मुलं ताडून पाहिली, म्हणजे समाजाचा फरक बराच बाजूला ठेवला.

त्यातून परिच्छेदाचं पहिलं वाक्य निघालं: ‘द्विभाषिकतेचा फायदा की तोटा, हे उत्तर तुलनेसाठी कोणती मुलं निवडली यावर बरंच अवलंबून राहिलं आहे.’ लेखक आता या वाक्याला पुरावा म्हणून आले. सेअर यांना दोन ओळी पुरल्या, पील-लॅम्बर्ट यांना अर्धं पान लागलं. जुन्या मसुद्यात प्रत्येकाला सारखीच जागा होती.

संशोधनातली उणीवही बदलली. आधी लिहिलं होतं, ‘खानापूर तालुक्यात असा अभ्यास झालेला नाही.’ हे कुठल्याही तालुक्याबद्दल लिहिता येतं. पण माँट्रिअलमध्ये वगळलेली अधलीमधली मुलं म्हणजेच बाईंचा वर्ग: घरी मराठी, बाजारात कन्नड, आणि लिहिताना दोन्हीकडे अडखळणारी. ‘सर, म्हणजे माझी पोरं नमुन्यातच नव्हती की ओ!’ असं त्या म्हणाल्या, आणि उणीव सापडली.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. गम्पर्झ आणि विल्सन यांचा १९७१चा कुपवाडचा अभ्यास मी प्रकरणातून काढायला सांगितला. सांगली जिल्ह्यातल्या त्या गावात मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर व्हावं. तो भाषांचा अभ्यास आहे, मुलांच्या प्रगतीचा नाही. बाई ऐकेनात. त्यांचं म्हणणं, इकडच्या भाषाच अशा एकमेकींत मिसळलेल्या असतील, तर ‘दोन्ही सारख्या येतात’ हे वेगवेगळ्या चाचण्यांनी कसं ठरवणार? मी म्हणालो, कुपवाडात शब्द वेगळेच राहिले होते, आणि माँट्रिअलच्या चाचण्यांचा भर शब्दांवरच होता, त्यामुळे तशा चाचण्या इथेही चालाव्यात. त्यावर त्यांनी वर्गातल्या वह्या दाखवल्या: शब्द मराठी, वाक्याची घडण कन्नड. अशा मुलाला कुठल्या गटात टाकायचं, ते मला सांगता आलं नाही. कुपवाड सध्या ‘द्विभाषिक कुणाला म्हणायचं’ या सूत्राच्या शेवटी, पेन्सिलीच्या खुणेसह आहे.