चौथं, सातवं आणि नववं रीडिंग

साध्या लंबकावरून गुरुत्वत्वरण g काढायचा प्रयोग. एक मीटर लांबी, वीस आंदोलनांचा वेळ स्टॉपवॉचवर, अशी दहा रीडिंग्ज. रफ वहीत आलेले सेकंद असे: ४०.२१, ४०.०५, ४०.३२, ३८.१४, ४०.१०, ४०.१८, ३९.६२, ४०.२६, ४०.१२, ४०.१४.

रात्री फेअर जर्नल लिहायला बसलो तेव्हा चौथं आणि सातवं डोळ्यांत खुपायला लागलं. चौथं नक्कीच मोजणीत एक आंदोलन चुकल्याचं होतं, कारण बाकीच्यांपेक्षा ते बरोबर दोन सेकंदांनी, म्हणजे एका आवर्तकाळाइतकं, कमी होतं. मग मी त्यात २.०१ मिळवून ४०.१५ केलं. सातवं जरा 'सावरून' ४०.१२ लिहिलं. g आला ९.७९. मनात म्हटलं, चला, डेटा साफ झाला. खोटं लिहितोय असं मला तेव्हा खरंच वाटलं नाही.

सरांनी जर्नल पाहिलं आणि रफ वही मागितली. दोन्ही शेजारी ठेवून एवढंच विचारलं, "हे ४०.१५ कुठल्या घड्याळात दिसलं?"

घड्याळात ते कुठेच दिसलं नव्हतं. माझं म्हणणं असं की कारण तर खरंच आहे ना. सर म्हणाले, "कारण खरं असेलही. पण ते तुला कशावरून सुचलं? आकड्यावरूनच. आता आकड्याकडे न बघता काहीतरी दाखव."

मग रफ वहीचा समास वाचला. चौथ्या वेळी मोजणी पार्टनरकडे होती, बाकी सगळ्या वेळी माझ्याकडे. त्याला पुन्हा मोजायला लावलं. लंबक सोडल्यावर मी बटण दाबलं आणि त्याच क्षणी तो म्हणाला, "एक!" सुरुवात 'शून्य'ने करायची असते. 'एक'ने केली की 'वीस' म्हणेपर्यंत आंदोलनं एकोणीसच होतात. हा पुरावा ३८.१४ या आकड्याच्या बाहेरचा होता, म्हणून चौथं सरासरीतून वगळायला हरकत नव्हती. दोन सेकंद मिळवायची मुभा तरीही नाहीच. त्या दिवशी तो काय म्हणाला होता ते कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि बेरजेने आलेला आकडा मोजलेला नसतो.

सातव्याला असं काहीच नव्हतं. मोजणारा मीच, समासात एक अक्षर नाही. बटण दाबण्यातली गडबड असेल, पण तसं तर कुठल्याही रीडिंगबद्दल म्हणता येईल. ते राहिलं, ३९.६२ असंच.

खरी पंचाईत नवव्याची झाली. समासात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: "स्टँडला कोपर लागलं." रीडिंग मात्र ४०.१२, इतकं देखणं की घरी बसून मी ती ओळ वाचलीसुद्धा नव्हती. आकडा वाईट आला असता तर हीच ओळ मी आनंदाने पुढे केली असती! धक्का लागलेलं रीडिंग चांगलं दिसतं म्हणून ठेवायचं आणि वाईट दिसतं म्हणून काढायचं, तर मग निवड धक्क्यावरून झालीच नाही. नववं काढलं.

सर जाता जाता इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणाऱ्या मिलिकनबद्दल बोलले. तेलाच्या थेंबांवरच्या १९१३ च्या निबंधात त्याने लिहिलं की हे ५८ थेंब निवडलेले नाहीत, साठ दिवसांत तपासलेले सगळे आहेत. पुढे त्याच्या वह्या उघडल्या तेव्हा थेंब त्याहून बरेच जास्त निघाले. काही वगळायला त्याच्याकडे चांगली कारणं असतीलही. अडचण आहे ती 'सगळे' या शब्दाची.

जर्नल पुन्हा लिहिलं. तक्त्यात दहाच्या दहा रीडिंग्ज, जशी आली तशी. चौथ्यापुढे फुली आणि टीप: "मोजणी 'एक'पासून सुरू झाल्याची शक्यता, नंतर पडताळून पाहिलं." नवव्यापुढे फुली आणि धक्क्याची नोंद. सातव्यापुढे, फुलीशिवाय: "कारण सापडलं नाही." खाली दोन उत्तरं. दहाही धरली तर g ९.९१, दोन वगळली तर ९.८२. सातवंही काढलं असतं तर ९.७८ आलं असतं. हे मी चोरून काढून बघितलं होतं, तेही सरांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "मग तेही लिही."

पुढच्या प्रयोगाला रीडिंग कधी रद्द धरायचं ते पहिलं रीडिंग घ्यायच्या आधीच वहीत लिहिलं: स्टँड हलला, गोळा गोल फिरायला लागला, किंवा दोघांची मोजणी जुळली नाही तर. स्टॉपवॉच तेव्हा अजून शून्यावरच होतं.