एका शून्याची बाटली

जर्मनीत आल्यावर पहिल्याच महिन्यात किटलीच्या तळाशी पांढरा थर बसला. घरमालकीणबाई म्हणाल्या, "आपल्याकडचं पाणी वीस डिग्री आहे." ही डिग्री पाण्याच्या जडपणाची. एक डिग्री म्हणजे लिटरमागे साधारण 18 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. मनात गुणाकार केला, 360. आणि थेट नागपूरच्या लॅबमध्ये पोचलो, कारण हाच आकडा एकदा माझ्या हातून 36 झाला होता.

एम.एस्सी.ला असताना महाल भागातल्या विहिरींचं पाणी तपासायचं काम माझ्याकडे होतं. त्यासाठी ईडीटीए या कॅल्शियम पकडणाऱ्या रसायनाचं 0.01 मोलर द्रावण लागतं, म्हणजे लिटरला 3.72 ग्रॅम. सीनियरला खनिजाच्या कामासाठी 0.1 मोलर हवं होतं, म्हणजे 37.2 ग्रॅम. दोन्ही मीच केली. ईडीटीए विरघळायला वेळ लागतो म्हणून स्टररवर ठेवून चहाला गेलो, परत आलो आणि मग लेबलं चिकटवली. दोन्ही द्रावणं पाण्यासारखी स्वच्छ, त्यामुळे बघून काही कळायचं कारण नव्हतं.

अकरा दिवस माझं झकास चाललं. 50 मिली नमुना, इरिओक्रोम ब्लॅक टी या सूचकाचा वाइनसारखा लाल रंग, आणि ईडीटीएच्या 1.8 मिलीलाच निळा! ब्युरेट भरायचे कष्टही वाचले. (तिकडे सीनियर ब्युरेटमागून ब्युरेट रिकामी करत होता आणि आपलं खनिज फारच भारी निघालं म्हणून खूश होता.)

चूक पकडली आजीने. तिच्याच वाड्यातल्या विहिरीचा निकाल कौतुकाने सांगितला, तर म्हणाली, "हे पाणी हलकं? अरे पोट्ट्या, याच्यात डाळ शिजून नाही राहिली, साबणाला फेस नाही!"

दुसऱ्या दिवशी सरांनी माहीत असलेलं कॅल्शियमचं द्रावण घेतलं. मिलीला 1 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, असं 10 मिली. ईडीटीए 10 मिली लागायला हवं होतं. लागलं 1 मिली. लेबलं अदलाबदल झाली होती, माझ्या बाटलीत दहापट तीव्र द्रावण होतं.

मी घाईने म्हणालो, "सर, सगळ्याला दहाने गुणू."

"तुझ्या ब्युरेटचा एक थेंब 0.05 मिली. या बाटलीतला एक थेंब जास्त पडला की निकाल लिटरला 10 मिलिग्रॅमने सरकतो. तेही दहाने गुणशील का?"

नशीब, नमुन्यांत नायट्रिक आम्ल घालून ठेवलं होतं. ते उदासीन करून सगळं पुन्हा केलं. सर मात्र लेबलाबद्दल फारसे बोललेच नाहीत. त्यांनी विचारलं, अकरा दिवसांत एकदाही प्रमाण द्रावण कुणी का लावलं नाही? सगळे गप्प. त्यानंतर प्रत्येक बाटलीवर एक रिकामी चौकट आली. सकाळी 10 मिली प्रमाण द्रावणाला किती मिली लागलं, ते तारखेसह तिथे लिहायचं. चौकट कोरी असेल तर बाटली उघडायची नाही.

इथे लेबलं छापून येतात, बारकोडसकट. तरी मी आधी ते 10 मिली लावतोच. आजी फोनवर विचारते, "तिकडे डाळ शिजते का रे?"

शिजते. कुकरच्या सहा शिट्ट्यांनंतर.