हात वर केला की बगल उसवते

फोंड्यात माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. शिगमोत्सवात नाचणाऱ्या एका गटाच्या मुली गेल्या वर्षीचे ब्रोकेडचे ब्लाउज घेऊन आल्या. "ताई, एवढी बगल शिवून द्या ना." ब्लाउज दुसरीकडे शिवलेले, दिसायला सुरेख, पण बहुतेक सगळे बगलेतच गेलेले.

नेमकं काय गेलंय ते मी आधी बघते. काही ठिकाणी कापड धड होतं, फक्त धागा तुटला होता. काही ठिकाणी टाका शाबूत होता, पण त्याच्या कडेने कापडाचे धागे सरकून जाळी पडली होती. हे दुसरं दुखणं दुहेरी शिलाईने बरं होत नाही, कारण ओढच चुकीच्या जागी येते.

मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, फार खोल कापला होता. हात मोकळा राहावा म्हणून तो खोल घेतात आणि होतं उलटंच. बाही खाली, कमरेकडे जोडली गेल्यामुळे हात उचलला की अख्खा ब्लाउज वर चढतो. मी मुंढा बगलेला लागेल इतका वर घेतला आणि तिथे लायक्राचा चौबगला घातला, तयार झाल्यावर साधारण ९ सेंमीचा चौकोन. कापड एकाच दिशेला ताणणारं असेल, तर ती दिशा हाताच्या लांबीत यायला हवी.

ही जोडणी साध्या सरळ टाक्याची नको. लायक्रा ताणते, टाका ताणत नाही, मग तुटतो. पॉलिएस्टर धागा, स्ट्रेच कापडाची सुई आणि अगदी अरुंद झिगझॅग घेतला: रुंदी १ मिमीच्या आत, लांबी अडीच. चिंधीवर शिवून पूर्ण ताणायचं; "टक्" आवाज आला तर टाका अजून मोकळा हवा.

पाठीचे हुकही सुटत होते. हात मागे गेले की पाठ सैल पडते आणि एकाच बाजूला तोंड असलेले सगळे हुक निसटतात. म्हणून एक हुक डावीकडे, पुढचा उजवीकडे असे आलटून पालटून लावले, आत सुती पट्टी दिली. दोऱ्याची घरं झिजतात, म्हणून ती धातूची घेतली. वेल्क्रो मला आवडत नाही. त्यात ओढणी अडकते.

मापाला मुलींना बोलावलं तेव्हा आधी पूर्ण नाच करायला लावला, मग घामेजलेल्या अंगावर ब्लाउज बघितला. ओलं कापड अंगाला चिकटतं, सरकत नाही, त्यामुळे शिवणीवर जास्त ओढ येते. कोरड्या अंगाला नेमका बसलेला एक ब्लाउज तेव्हा खांद्यात अडकला. त्याच्या कडेच्या शिवणी थोड्या सोडल्या.

ब्रोकेड दरवेळी धुता येत नाही. म्हणून बगलेत टिचबटणांनी लावायचे सुती पॅड दिले. नाच संपला की ते काढून त्याच रात्री धुवायचे आणि ब्लाउज उलटा करून पंख्याखाली टांगायचा.