सहा आकडे आणि एक झडती

सायबर सप्ताहासाठी यमकातल्या सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मराठी शिकवते. शाळा नागपुरातली, मुलं आठवी ते दहावीची. पोळा होऊन महिना झाला होता, तरी वर्गात कुणीतरी अधूनमधून झडती, म्हणजे पोळ्यात म्हणतात ती यमकातली छोटी कविता, म्हणतच होतं. तोच साचा घ्यायचा असं मी ठरवलं: चार ओळी, घट्ट यमक आणि शेवटी सगळ्यांचं मिळून "हर बोला, हर हर महादेव". मी मूळची सांगलीची. लग्नानंतर इकडे आले, त्यामुळे वऱ्हाडी कानात आहे, जिभेवर अजून बसलेली नाही. हे आधीच सांगून ठेवते, पुढे उपयोगी पडेल.

पहिल्या रात्री मी बारा ओळी खरडल्या. पासवर्ड सांगू नको, अनोळख्याशी बोलू नको, ओटीपी देऊ नको. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात वाचून दाखवल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मी फळा पुसला आणि कोणती ओळ कशाबद्दल होती ते विचारलं. सगळ्यांना "नको" आठवत होतं, काय नको ते कुणालाच आठवेना. चूक माझीच होती. यमकाची जागा मी "नको"ला दिली होती आणि कानात राहतो तो शेवटचा शब्द. जे लक्षात ठेवायचं तेच ओळीच्या शेवटी यायला हवं होतं.

शिवाय ओळी खऱ्या जगाशी जुळतही नव्हत्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, कोड मागणारा अनोळखी थोडीच असते? माझ्या चुलतभावाले तं त्याच्या दोस्ताच्याच नंबरवरून मेसेज आला होता." मी त्याला पुढे बोलवलं आणि सगळं सविस्तर सांगायला लावलं.

झालं असं होतं. दोस्ताचं व्हॉट्सॲप आधीच कुणीतरी ताब्यात घेतलं होतं. त्या चोराने स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲप उघडून या चुलतभावाचा नंबर टाकला. नंबर याचा, म्हणून सहा आकडी कोडचा एसएमएस याच्याच फोनवर आला. लगेच दोस्ताच्या नावाने मेसेज आला: "माझा कोड चुकून तुझ्याकडे गेला, पाठव ना." याने पाठवला. मिनिटभरात याचं व्हॉट्सॲप बंद पडलं आणि चोराच्या फोनवर चालू झालं. मग याच्या नावाने याच्या मामांकडे पैसे मागायला सुरुवात झाली.

यावर मी घरी ओळी जुळवल्या:

आला कोड, आकडे सहा,
दोस्त मागे? थांबून पहा.
फोन लावून आवाज ऐक,
मग कळंल, खरा की फेक!

मला आवडल्या होत्या. पण एका मुलीने हात वर केला. "आवाज खरा निघाला तं कोड द्याचा का, मॅडम?"

नाहीच द्यायचा. तुमच्या फोनवर आलेला कोड हा तुमच्याच खात्याची किल्ली असतो, दुसऱ्याचा कोड चुकून तुमच्याकडे येतच नाही. फोन करायचा तो वेगळ्या कारणासाठी: दोस्ताचं खातं गेलंय हे त्याला कळावं म्हणून. माझ्या यमकाने नेमका उलटा निरोप दिला होता, आणि मुलांच्या तोंडी बसला असता तर तोच चालला असता. ओळी पुन्हा लिहिल्या:

आला कोड, आकडे सहा,
ज्याचे त्याने एकट्याने पहा.
दोस्त मागे? लाव त्याले फोन,
इचार, तुह्या खात्यात शिरलं कोन?

यमकात न मावणारी गोष्ट मी तोंडी सांगितली. खातं गेलंच, तर लगेच आपल्या फोनवर व्हॉट्सॲपमध्ये आपला नंबर पुन्हा टाकायचा आणि नव्याने आलेला कोड भरायचा. तेवढ्याने चोर बाहेर पडतो. त्याने मधल्या वेळात टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा स्वतःचा पिन लावून ठेवला असेल, तर आपल्याला आत जायला सात दिवस थांबावं लागतं, पण तोही आत नसतो. हा पिन आपणच आधी लावून ठेवला, तर नुसत्या सहा आकड्यांनी चोराचं काम होत नाही. वर्गातल्या किती जणांनी लावलाय ते विचारलं, तेव्हा दोन हात वर आले.

पासवर्डचं प्रकरण वेगळंच निघालं. मुली पासवर्ड देतात तो जिवलग मैत्रिणीला. परीक्षेच्या दिवसांत घरचे फोन काढून घेतात आणि स्नॅपचॅटची स्ट्रीक दोघींनी दर चोवीस तासांत स्नॅप पाठवला तरच टिकते. मग पासवर्ड मैत्रिणीच्या हवाली करायचा, ती दोघींच्या वतीने पाठवत राहते. यात मुलींना काही चुकीचं वाटत नाही, आणि त्यांना मूर्ख म्हणणारी कविता त्या ऐकणारही नव्हत्या. म्हणून असं लिहिलं:

स्ट्रीक मोडली, मोडू दे,
दोस्ती काही मोडत नाही.
दिला पासवर्ड, भांडण झालं,
तरी तिचा फोन सोडत नाही.

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांचं काय झालं होतं ते मी विचारलं नाही. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये `Where you're logged in` कुठे असतं ते मात्र दाखवलं. एका पोरीचं खातं तीन फोनवर उघडं होतं. त्यातला एक फोन तिच्या जुन्या ट्यूशनमधल्या मुलीचा.

अनोळखी माणसांची झडती सोपी जाईल असं वाटलं होतं. पण मुलांच्या लेखी सहा महिने रोज बोलणारा गेमवरचा भिडू अनोळखी राहतच नाही. तेव्हा माणूस कोण आहे यापेक्षा तो काय मागतो ते पकडायचं ठरवलं.

नाव-गाव त्याचं सोड,
बोलणं त्याचं लागे गोड.
"घरच्यांना नको सांगू" म्हणे,
तिथंच कळली त्याची खोड!

पाचव्या दिवशी आम्ही प्रश्नांसाठी खोका ठेवला होता, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. बहुतेक चिठ्ठ्या थट्टेच्या. एकीवर लिहिलं होतं: "फोटो आधीच गेला असेल तर त्याची झडती आहे का?"

नव्हती. माझ्या सगळ्या ओळी घटना घडायच्या आधीच्या होत्या.

त्या रात्री मी बराच वेळ वाचत बसले. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी takeitdown.ncmec.org ही मोफत सोय आहे. फोटो आपल्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त एक डिजिटल ठसा पुढे जातो आणि त्यात सामील असलेल्या कंपन्या त्या ठशाने फोटो शोधून काढून टाकतात. मर्यादा अशी की व्हॉट्सॲपवर खासगी फिरणाऱ्या फोटोपर्यंत ती पोचत नाही. तक्रार cybercrime.gov.in वर करता येते. बोलायला मुलांची हेल्पलाइन 1098 आहे, पैसे गेले असतील तर 1930. चॅट मात्र पुसायची नाही, पुरावा तोच. धमकीला घाबरून पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते.

इथे मीच माझा नियम मोडला आणि "नको"वर यमक बांधलं:

चॅट पुसू नको, पैसा देऊ नको,
दुसरा फोटो धाडू नको.
चूक त्याची हाय, तुही नाय,
एकट्यानं रात्र काढू नको.

ही परिपाठात म्हणून घेतली नाही. ज्याच्यासाठी ती होती, त्याला सगळ्यांदेखत महादेवाचा गजर करायला कसं सांगणार? नंबरांसकट छापून मुलामुलींच्या स्वच्छतागृहांत दारांना आतून चिकटवली, म्हणजे वाचताना कुणी पाहणार नाही.

सोमवारी जाऊन पाहिलं. मुलींच्या बाजूला, तिसऱ्या दारावर, कुणीतरी माझं "नाय" पेन्सिलीने खोडून त्यावर "नाई" केलं होतं.