सागा की टू-फेज कमिट: मुलाखत अडली ती टाइमआउटवर

सिस्टीम डिझाइनच्या मुलाखतीची तयारी करताना एकच व्यवहार अनेक डेटाबेसमध्ये पसरला तर तो कसा सांभाळायचा, याच्या सागा आणि टू-फेज कमिट या दोन पद्धती सगळीकडे एकाच साच्यात शिकवल्या जातात. टू-फेज कमिट लॉक अडवून ठेवतं, सागा अडवत नाही, म्हणून मायक्रोसर्व्हिस असतील तर सागा म्हणा आणि पुढे सरका. या शिकवणीचा मला अजूनही राग येतो, कारण माझ्या मुलाखतीचा निम्म्याहून जास्त वेळ जिथे गेला, ती जागा या साच्यात कुठेच नाही. पेमेंट सर्व्हिसकडून उत्तरच आलं नाही. होकार नाही, नकारही नाही. आता काय करायचं?

प्रश्न साधा होता. लांब पल्ल्याच्या बसचं ऑनलाइन बुकिंग. सीट सांभाळणारी एक सर्व्हिस, पेमेंटची दुसरी, तिकीट काढणारी तिसरी, आणि प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा. सीट दोघांना विकली जाऊ नये आणि पैसे कापले गेले तर तिकीट मिळालंच पाहिजे. गरजा, लोडचा अंदाज, एपीआय हे सगळं भराभर झालं.

मग मुलाखत घेणाऱ्यांनी विचारलं, "तिन्ही डेटाबेस एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये का नाही घेत?" मी टू-फेज कमिट थेट पोस्टग्रेसच्या कमांडमध्ये मांडलं. पहिल्या फेरीत कोऑर्डिनेटर प्रत्येकाला विचारतो, तयार आहात का? सगळे हो म्हणाले की दुसऱ्या फेरीत कमिट.

```sql
BEGIN;
UPDATE seats SET status = 'BOOKED'
 WHERE trip_id = 902 AND seat_no = 14;
PREPARE TRANSACTION 'B771';
-- कोऑर्डिनेटरचा निर्णय आल्यावर
COMMIT PREPARED 'B771';
```

पहिल्या फेरीनंतर कोऑर्डिनेटर पडला, तर सीट सर्व्हिस स्वतःहून काहीच ठरवू शकत नाही. तिने हो म्हटलेलं आहे, आणि बाकीच्यांचं काय ठरलं हे तिला माहीत नाही. सीट १४ च्या ओळीवरचं लॉक तसंच राहतं. सर्व्हर रीस्टार्ट केला तरी ते सुटत नाही, कारण ही तयार अवस्था डिस्कवर लिहिलेली असते. "हे कळणार कसं?" असं त्यांनी विचारलं. मी `pg_prepared_xacts` हे नाव घेतलं. त्यात अडकलेले व्यवहार दिसतात. जुनी नोंद पडून राहिली तर मेलेल्या ओळी साफ करणारा व्हॅक्यूमसुद्धा अडखळतो. पोस्टग्रेसमध्ये ही सोय मुळात बंदच असते, कारण `max_prepared_transactions` ची ठरलेली किंमत ० आहे. तुम्हीही एखाद्या खऱ्या डेटाबेसमध्ये हे एकदा करून पाहा. कोऑर्डिनेटर पडल्यावर काय होतं, हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस वेगळं बोलतो.

टू-फेज कमिट टाकाऊ आहे असं मात्र मी म्हटलं नाही. गूगलच्या स्पॅनरमध्ये तेच वापरलं आहे. फक्त तिथे प्रत्येक सहभागी हा एकटा सर्व्हर नसून पॅक्सॉस या एकमत साधणाऱ्या पद्धतीने बांधलेला अनेक सर्व्हरचा गट असतो, त्यामुळे एक यंत्र पडलं म्हणून निर्णय लटकत नाही. आमच्या प्रश्नात अडचण वेगळी होती. पेमेंट सर्व्हिसच्या पलीकडे गेटवे आणि बँक आहे, आणि ते माझ्या कोऑर्डिनेटरचं ऐकणार नाहीत. कार्डात आधी रक्कम अडवून मग वसूल करता येते, हे तयारीच्या फेरीसारखं आहे. यूपीआयमध्ये मॅंडेटने रक्कम अडवता येते, आयपीओच्या अर्जाला आपण तेच करतो. पण नेहमीच्या यूपीआय व्यवहारात पैसे थेट कापले जातात. म्हणून सागा.

सागाची मूळ कल्पना १९८७ च्या हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांच्या निबंधातली. तेव्हा प्रश्न मायक्रोसर्व्हिसचा नव्हता, खूप वेळ चालणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा होता. मोठं काम लहान तुकड्यांत तोडायचं, प्रत्येक तुकडा लगेच कमिट करायचा, आणि मध्येच फिसकटलं तर झालेल्या तुकड्यांची उलट कामं, म्हणजेच कॉम्पेन्सेशन, करत मागे यायचं. माझे तुकडे असे होते: सीट धरून ठेवणे, पैसे घेणे, सीट पक्की करणे, तिकीट काढणे. हे सगळं एक ऑर्केस्ट्रेटर चालवणार, आणि प्रत्येक पाऊल टाकण्याआधी ते आपल्या टेबलात लिहिणार.

इथपर्यंत मान डोलत होती. मग त्यांनी बोर्डावर पेमेंटकडे जाणाऱ्या बाणावर फुली मारली. "१० वाजता पैसे मागितले. ३० सेकंद झाले, उत्तर नाही. बोला."

मी म्हटलं, याला अपयश मानून चालणार नाही. अपयश मानलं, सीट सोडली, ती दुसऱ्याने घेतली, आणि मग पहिल्याचे पैसे कापले गेल्याचं कळलं, तर त्याच्याकडे ना पैसे ना सीट. यश मानलं तर फुकट तिकीट गेलं. म्हणून बुकिंगला तिसरी अवस्था हवी, `PAYMENT_UNKNOWN`. ती असेपर्यंत सीट धरलेलीच राहील आणि ऑर्केस्ट्रेटर ठरावीक अंतराने स्थिती विचारत राहील. पैशांची मागणी पुन्हा पाठवायची झाली तर तोच बुकिंग क्रमांक घेऊन, म्हणजे दोनदा कापले जाणार नाहीत.

"मग?" ते म्हणाले. त्या "मग"ने तेव्हा माझा संयम जवळजवळ संपला होता, कारण माझ्या दृष्टीने उत्तर पूर्ण झालं होतं. पण पुढचा प्रश्न खरोखर चांगला होता. "स्थिती विचारली. पेमेंट सर्व्हिस म्हणाली, असा व्यवहारच माझ्याकडे नाही. आता सीट सोडाल?"

इथे मोह होतो. नोंदच नाही म्हणजे मागणी पोचली नाही, म्हणजे सीट सोडायला हरकत नाही. पण मूळ मागणी अजून रांगेत किंवा नेटवर्कमध्ये कुठेतरी अडकलेली असू शकते. मी सीट सोडली आणि पाच सेकंदांनी ती पोचली, तर पैसे कापले जाणारच. म्हणजे उलट काम मूळ कामाच्या आधी पोचलं. "नाही" हे उत्तर विचारलं त्या क्षणापुरतं खरं असतं, पुढच्या क्षणाची हमी त्यात नसते.

यावर नुसतं विचारत राहून भागत नाही. रद्द करतोय हे पेमेंट सर्व्हिसच्या टेबलात कायमचं लिहावं लागतं, तेही मागणी आलेली नसताना. मी हे लिहून दाखवलं:

```sql
INSERT INTO payments (booking_id, status)
VALUES ('B771', 'CANCELLED')
ON CONFLICT (booking_id) DO NOTHING;
```

`booking_id` वर युनिक की आहे. पैशांची मागणी आली की पेमेंट सर्व्हिसनेही गेटवेला हात लावण्याआधी याच टेबलात `STARTED` अशी ओळ घालून ती कमिट करायची. आता दोघांपैकी आधी कोण आलं, हे ती एक की ठरवते. रद्दची ओळ आधी बसली, तर उशिरा आलेल्या मागणीला जागा मिळत नाही. तिने गेटवेकडे न जाता नकार द्यायचा, आणि सीट बिनधास्त सोडायची. रद्दच्या ओळीलाच जागा मिळाली नाही, तर याचा अर्थ मागणी पोचली होती. मग तिची स्थिती गेटवेला विचारायची आणि यश निघालं तर रिफंड रांगेत टाकायचा. ही तीन ओळींची गोष्ट लिहिल्यावर समोरचे पहिल्यांदा थांबले, आणि मला फार हायसं वाटलं.

तरी एक फट उरतेच आणि ती मीच दाखवली. `STARTED` ओळ आहे, गेटवे "प्रलंबित" म्हणतोय, आणि सीट धरण्याची मुदत संपत आली. इथे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असं एकच उत्तर नाही. सीट धरून ठेवली तर ती रिकामी जाण्याची भीती, सोडली तर प्रवाशाचे पैसे काही दिवस अडकण्याची. मी मुदत १५ मिनिटं ठरवली, नंतर सीट सोडायची आणि उशिरा आलेलं यश आपोआप रिफंडकडे वळवायचं. बस सुटायला तासभरच उरला असेल तर मुदत आणखी कमी. हा निर्णय धंद्याचा आहे हे मी स्पष्ट म्हटलं. तुम्हीही म्हणा, पण त्यानंतर एक बाजू निवडा.

सीट पक्की करतानाही डोळे मिटून `CONFIRMED` लिहायचं नाही. अट घालायची: अवस्था अजून `HELD` असेल आणि ती याच बुकिंगच्या नावावर असेल तरच. शून्य ओळी बदलल्या तर सीट गेली, रिफंड सुरू. उलट सीट पक्की झाली की मागे फिरणं नाही. तिथून पुढे तिकीट निघेपर्यंत फक्त पुन्हा पुन्हा प्रयत्न. रिफंडचंही तसंच आहे. तो फसला म्हणून त्याचं आणखी एक उलट काम शोधायचं नसतं. तो होईपर्यंत पाठपुरावा करायचा आणि ठरावीक वेळेनंतर माणसाकडे सोपवायचा. "कॉम्पेन्सेशन फसलं तर?" हा प्रश्न हमखास येतो, त्याचं उत्तर एवढंच.

मधल्या धांदलीत एक गोष्ट मला उशिरा मांडता आली. ऑर्केस्ट्रेटर टेबलात लिहितो आणि मग क्यूवर मेसेज टाकतो, या दोन कृतींच्या मध्ये तो पडू शकतो. म्हणून मेसेजही त्याच डेटाबेसमधल्या आउटबॉक्स टेबलात, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायचा, आणि वेगळ्या प्रोसेसने तो पुढे पाठवायचा. मेसेज दोनदा जाऊ शकतो, म्हणून घेणाऱ्यानेही बुकिंग क्रमांक तपासायचा. हे तुम्ही सागा मांडतानाच सांगा. बाणावर फुली पडल्यावर सांगायला वेळ मिळत नाही.

पुढच्या फेरीचं बोलावणं आलं, पण बरंच थांबवून, आणि अभिप्राय एका ओळीचा: डेटाच्या अचूकतेवर पकड चांगली. कुठल्या उत्तरावर हे ठरलं ते कोणी सांगत नाही. माझा अंदाज त्या `CANCELLED` ओळीवर आहे.

शेवटची पाच मिनिटं "हे सगळं नीट चाललंय हे कसं कळेल?" यावर गेली. मी दोन गोष्टी सांगितल्या. `PAYMENT_UNKNOWN` मध्ये २० मिनिटांपेक्षा जास्त काळ बसलेलं एकही बुकिंग दिसलं तर अलर्ट. आणि रोज रात्री गेटवेची सेटलमेंट फाइल आपल्या बुकिंगशी जुळवायची: पैसे आले पण ना तिकीट ना रिफंड, अशी नोंद सापडली तर सकाळी आधी ती हातात घ्यायची, बाकीची कामं नंतर.