मोठी प्रतिमा लवकर, लहान प्रतिमा उशिरा

तक्रार आली तीच मुळात उलटी वाटली. आमच्या टीममधली एक सहकारी प्रतिमांवर फिल्टर चालवायचं काम बघते. ती म्हणाली, "४१०० बाय ४१०० ची प्रतिमा झटकन होते आणि ४०९६ बाय ४०९६ ची कितीतरी वेळ खाते. मशीनमध्येच काही बिघाड आहे का, बघशील का जरा?"

४१०० हा आकडा कुठून आला ते सोपं होतं. एका फिल्टरसाठी प्रतिमेच्या चारही कडांना दोन-दोन पिक्सेलची किनार लावलेली असते, म्हणून ४०९६ चे ४१०० होतात. म्हणजे काम किंचित जास्त आणि वेळ मात्र कमी. हे एकदा नव्हे, दर वेळी होत होतं. मशीन बदलून पाहिलं तरी तेच, त्यामुळे बिघाडाचा प्रश्न मिटला.

वेळ जात होता तो इंटिग्रल इमेज तयार करण्यात. यात प्रत्येक घरात त्याच्यासकट त्याच्या वरच्या आणि डावीकडच्या सगळ्या घरांची बेरीज साठवतात, म्हणजे पुढे कुठल्याही आयताची बेरीज चार घरं वाचून मिळते. हे दोन फेऱ्यांत होतं. आधी प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे बेरीज पुढे न्यायची, मग प्रत्येक स्तंभात वरून खाली. दुसरी फेरी अशी लिहिलेली होती:

```c
for (j = 0; j < w; j++)
    for (i = 1; i < h; i++)
        a[i*w + j] += a[(i-1)*w + j];
```

वाचायला हे अगदी स्वाभाविक आहे. एक स्तंभ घ्या, वरून खाली उतरा, मग पुढचा स्तंभ. पहिली फेरी आणि ही फेरी यांत बेरजांची संख्या जवळजवळ सारखी, पण दोन्हींना वेगळं घड्याळ लावलं तेव्हा पहिली फेरी दोन्ही आकारांत चटकन संपत होती. सगळा उशीर या तीन ओळींत होता.

प्रोसेसरमधले मोजणीचे आकडे दाखवणारं `perf stat` लावून दोन्ही आकारांची तुलना केली. पार पाडलेल्या सूचनांची संख्या जवळपास सारखीच, सायकल मात्र ४०९६ ला कितीतरी जास्त. प्रोसेसर काम करत नव्हता, तो मेमरीची वाट बघत बसला होता. इथवर अंदाज होताच. खरी गंमत पुढे होती. प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीला कॅश म्हणतात; तिचा सगळ्यात जवळचा थर L1, त्यामागचा मोठा थर L2, आणि हवं ते तिथे सापडलं नाही की तो मिस. `L1-dcache-load-misses` हा आकडा दोन्हीकडे तितकाच मोठा निघाला. फरक दिसला तो L2 च्या मिसमध्ये, आणि तिथे तो प्रचंड होता. मग कागद घेऊन पत्ते मांडायला बसलो.

मेमरीतून कॅशमध्ये एकेक आकडा येत नाही, ६४ बाइटची अख्खी कॅश लाइन येते. आमचे पिक्सेल `double`, म्हणजे ८ बाइटचे, त्यामुळे एका लाइनमध्ये शेजारशेजारचे ८ पिक्सेल. ओळीने चाललं तर एकदा आणलेल्या लाइनमधले आठही लगेच वापरले जातात, आणि पुढची लाइन कोणती लागणार हे हार्डवेअर ओळखून आधीच मागवतं. स्तंभाने चाललं तर पहिलाच पिक्सेल वापरून आपण खालच्या ओळीत, म्हणजे ३२ केबी पुढे उडी मारतो. उरलेले सात कामाला येतील ते पुढच्या सात स्तंभांच्या वेळी, पण तोवर ती लाइन कॅशमध्ये टिकली तर!

टिकते का? एका स्तंभात ४०९६ ओळी, प्रत्येकीची एक लाइन, म्हणजे ४०९६ गुणिले ६४, एकूण २५६ केबी. L1 ३२ केबीची, तिथे हे मावणारच नाही. म्हणूनच L1 चे मिस दोन्ही आकारांत सारखे होते. पण या मशीनची L2 होती १ एमबी. तिथे २५६ केबी आरामात बसायला हवेत. ४१०० च्या प्रतिमेत ते बसत होते, ४०९६ च्या नाही. का?

कारण कॅशमध्ये कुठलीही लाइन कुठेही ठेवता येत नाही. पत्त्यातल्या ठरावीक बिट्सवरून तिचा सेट ठरतो आणि एका सेटमध्ये मोजक्याच जागा असतात. या L2 मध्ये १०२४ सेट आणि प्रत्येकात १६ जागा. सेट ठरवणारे बिट ६ ते १५ क्रमांकाचे. आता ४०९६ च्या प्रतिमेत एक ओळ बरोबर ३२७६८ बाइटची, म्हणजे २ चा १५ वा घात. इतकी उडी मारली की पत्त्यातले बिट ६ ते ११ बदलतच नाहीत. मेमरी ४ केबीच्या तुकड्यांत, म्हणजे पानांत, वाटली जाते; वरचे, १२ ते १५ हे बिट त्या पानाला प्रत्यक्ष मेमरीत कुठे जागा मिळाली त्यावर ठरतात, त्यामुळे ते विखुरतात, पण त्यांची जोडणी जास्तीत जास्त १६ प्रकारची. म्हणजे अख्ख्या स्तंभाला वाट्याला येतात १०२४ पैकी फक्त १६ सेट आणि त्यांतल्या २५६ जागा. लाइन मात्र ४०९६. बाकीची L2 या लाइनसाठी असून नसल्यासारखी. प्रत्येक लाइन पुढचा स्तंभ यायच्या आत हाकलली जाते आणि तीच लाइन एकूण आठ वेळा L2 च्या बाहेरून आणावी लागते. १२८ एमबीच्या प्रतिमेसाठी १ जीबीची वाहतूक!

४१०० च्या प्रतिमेत ओळ ३२८०० बाइटची, म्हणजे ३२ बाइट जास्त. दर दोन ओळींमागे पत्ता एका सेटने सरकतो आणि १२८ ओळींत बिट ६ ते ११ च्या चौसष्टही जोडण्या वापरून होतात. गर्दी कॅशभर पसरते, लाइन टिकतात आणि पुढचे सात स्तंभ L2 मधूनच भागतात. फिल्टरसाठी लावलेली किनार नकळत हे काम करत होती. मला हे सापडलं तेव्हा मनापासून आनंद झाला, कारण `perf` मधला प्रत्येक आकडा आता आपल्या जागी बसत होता.

"मग सगळीकडे किनारच लावूया की," सहकारी म्हणाली. त्याने अर्धंच काम झालं असतं. किनार लावली तरी स्तंभाने उतरताना प्रत्येक पाऊल नव्या पानावर पडतं. एका स्तंभात चार हजारांवर पानं येतात आणि पत्त्यांचं भाषांतर लक्षात ठेवणाऱ्या TLB मध्ये एवढ्या नोंदी मावत नाहीत. `dTLB-load-misses` चा आकडा दोन्ही आकारांत मोठा होता तो त्यामुळेच. म्हणून लूपच उलटा केला:

```c
for (i = 1; i < h; i++)
    for (j = 0; j < w; j++)
        a[i*w + j] += a[(i-1)*w + j];
```

असा बदल करण्याआधी एक गोष्ट तपासावी लागते: कोण कोणावर अवलंबून आहे. इथे प्रत्येक घराला फक्त त्याच्या वरचं घर तयार हवं, आणि ओळीने उतरताना वरची ओळ आधी पूर्ण झालेली असतेच. शिवाय प्रत्येक स्तंभातल्या बेरजांचा आपसातला क्रम तोच राहतो, त्यामुळे राउंडिंगमध्येही फरक पडत नाही. जुनं आणि नवं आउटपुट `cmp` ने ताडून पाहिलं, बाइट न् बाइट जुळलं. ही खात्री करून घ्यावीच, कारण बेरजेचा क्रम बदलला तर शेवटचे अंक हलतात आणि मग वाद सुरू होतात. जीसीसीला लूपची अशी अदलाबदल काही वेळा स्वतः करता येते, पण ते `-O3` मध्ये, आणि आमचा बिल्ड `-O2` चा होता. मला तसंही हे कंपायलरवर सोडण्यापेक्षा कोडमध्ये लिहिलेलं आवडतं.

दुसऱ्या फेरीचा वेळ पहिल्या फेरीच्या जवळ आला आणि ४०९६ व ४१०० मधला फरक नाहीसा झाला.

किनारीचा उपाय मात्र वाया गेला नाही. त्याच प्रोग्रॅममध्ये प्रतिमा आडवी-उभी फिरवणारं एक फंक्शन आहे. तिथे वाचणं ओळीने केलं की लिहिणं स्तंभाने होतं, लूप कसाही फिरवला तरी एक बाजू उभी राहतेच. तिथे ८ बाय ८ चे तुकडे पाडून काम केलं, म्हणजे आणलेली लाइन पूर्ण वापरूनच सोडायची. तरीही ४०९६ ला ते फंक्शन रेंगाळत होतं, कारण एका तुकड्याच्या आठही लाइन L1 च्या एकाच सेटमध्ये येतात आणि तिथे जागाच आठ, त्यात दुसऱ्या प्रतिमेच्या लाइनही येऊन पडणार. तिथे ओळीची रुंदी मेमरीत ४१०४ ठेवली. ओळीगणिक बरोबर एक लाइन सरकते, आठ लाइन आठ वेगळ्या सेटमध्ये बसतात. आता रुंदी `w` आणि ओळींमधलं अंतर `stride` असे दोन वेगळे पॅरामीटर त्या कोडमध्ये सगळीकडे आहेत.